विक्रीवरचं भाडं ताळेबंदात का दिसत नाही?

पुण्यातल्या एका मॉलमध्ये शेजारीशेजारी दोन गाळे आहेत असं समजू. दोन्ही दोन हजार चौरस फुटांचे, दोन्हींत कपड्यांची दुकानं, दोन्ही करार पाच वर्षांचे आणि मधेच सोडता न येणारे. पहिल्या वर्षी दोघांनीही ३ कोटी ४० लाखांचा माल विकला आणि मॉलच्या मालकाला प्रत्येकाने ४० लाख ८० हजार रुपये भाडं दिलं. तरीही करार सुरू झाला त्या दिवशी पहिल्या दुकानाच्या कंपनीने या गाळ्यापोटी ताळेबंदात १ कोटी ३६ लाखांचं देणं दाखवलं आणि दुसरीने एक रुपयाही नाही. दोन्ही ताळेबंद नियमानुसार बरोबर आहेत.

फरक करारातल्या एका कलमात आहे. पहिल्या दुकानदाराने मालकाला मिनिमम गॅरंटी दिली आहे. मॉलच्या व्यवहारात तिला नुसतं ‘एमजी’ म्हणतात. दर महिन्याला चौरस फुटामागे दीडशे रुपये, म्हणजे महिना तीन लाख, वर्षाला ३६ लाख. किंवा जीएसटी वगळून झालेल्या विक्रीच्या १२ टक्के. यांपैकी जे जास्त असेल ते, हिशेब वर्षाअखेर. दुसऱ्याच्या करारात एमजी नाहीच. विक्रीच्या १२ टक्के, बस्स. त्या वर्षी विक्री चांगली झाली म्हणून दोघांचं भाडं सारखं आलं. विक्री दोन कोटींवर घसरली असती, तर पहिल्याला ३६ लाख द्यावेच लागले असते आणि दुसरा २४ लाखांत सुटला असता. पहिल्याच्या डोक्यावर असलेलं आणि दुसऱ्याच्या डोक्यावर नसलेलं हे ओझंच ताळेबंदात उतरलं आहे.

हा हिशेब ज्या मानकाने चालतो त्याचं नाव इंड एएस ११६. लंडनच्या आंतरराष्ट्रीय लेखा मानक मंडळाने जानेवारी २०१६ मध्ये आयएफआरएस १६ प्रसिद्ध केलं, त्याचंच हे भारतीय रूप. आपल्याकडे ते १ एप्रिल २०१९ पासून लागू झालं. शेअर बाजारात नोंदलेल्या आणि इतर मोठ्या कंपन्यांना ते बंधनकारक आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाला त्याच्याशी कर्तव्य नाही. त्याआधी जागेचं भाडं बहुतेक वेळा नुसता खर्च म्हणून लिहिलं जाई. दहा वर्षांचा करार केलेली कंपनीही त्या महिन्याचं भाडं तेवढं नफातोटा पत्रकात दाखवायची आणि उरलेल्या नऊ वर्षांचं ओझं शेवटच्या पानांवरच्या टिपेत राहायचं. नव्या मानकाने ते उचलून ताळेबंदात आणलं. भाडेकरू कंपनीने पुढच्या वर्षांच्या भाड्याचं आजचं मूल्य काढायचं, ते देणं म्हणून लिहायचं आणि समोर तेवढ्याच रकमेची ‘वापराचा हक्क’ नावाची मालमत्ता दाखवायची. एक वर्षापर्यंतचे करार आणि अगदी किरकोळ किमतीच्या वस्तू यांना सूट आहे. पण जागेच्या मोठ्या करारांना पळवाट उरली नाही, निदान वरवर पाहता तरी.

पहिल्या दुकानाचं गणित मांडून पाहू. सोपं जावं म्हणून भाडं वर्षाअखेर दिलं जातं असं धरतो. प्रत्यक्षात ते महिन्याच्या सुरुवातीला जातं, त्यामुळे खरा आकडा थोडा मोठा येईल. कंपनीला पाच वर्षांचं तारण कर्ज १० टक्क्यांनी मिळतं असं समजू. पाच वर्षं दरवर्षी ३६ लाख द्यायचे, तर १० टक्के दराने त्यांचं आजचं मूल्य १ कोटी ३६ लाख ४७ हजार होतं. हे देणं. वर्षभरात त्यावर १३ लाख ६५ हजार व्याज चढतं, ३६ लाख फेडले जातात आणि वर्षाअखेर १ कोटी १४ लाख १२ हजार शिल्लक राहतात. समोरच्या मालमत्तेवर पाचव्या हिश्शाचा, म्हणजे २७ लाख २९ हजारांचा घसारा. विक्रीच्या १२ टक्क्यांनी आलेले ४० लाख ८० हजार आणि एमजीचे ३६ लाख यांतला फरक ४ लाख ८० हजार. तो या सगळ्या गणितात कुठेच शिरत नाही. तो ज्या वर्षी विक्री झाली त्या वर्षीच्या नफातोटा पत्रकात थेट खर्च म्हणून जातो. दुसऱ्या दुकानाचं तर अख्खं भाडं याच वाटेने जातं.

इथे बहुतेकांना एक प्रश्न पडतो आणि तो रास्त आहे. दुसरा दुकानदार पाच वर्षं दुकान चालवणार हे उघड आहे. विक्री शून्य होणार नाही हेही उघड आहे. गेल्या दहा वर्षांचे आकडे पाहून कोणीही सांगेल की तो वर्षाला तीस-चाळीस लाख भाडं देईल. मग अंदाज बांधून तेवढं देणं का लिहू नये?

मंडळाने सुरुवातीला नेमकं हेच सुचवलं होतं. ऑगस्ट २०१० च्या पहिल्या मसुद्यात विक्रीवर किंवा वापरावर अवलंबून असलेलं भाडंही, वेगवेगळ्या शक्यतांची सरासरी काढून, देण्यात धरायचं होतं. त्यावर जगभरातून हरकती आल्या. शेकडो दुकानं असलेल्या कंपनीने प्रत्येक गाळ्याची पुढच्या दहा वर्षांची विक्री भाकीत करायची, दरवर्षी ते भाकीत बदलायचं आणि त्यावरून कर्जाचा आकडा वरखाली करायचा, हे कोणालाच झेपणारं नव्हतं. मे २०१३ च्या दुसऱ्या मसुद्यात ती कल्पना मागे पडली आणि २०१६ च्या मानकातही ती परतली नाही. मात्र मंडळाच्या सदस्यांत कारणाबद्दल एकमत नव्हतं आणि त्यांनी ते दडवलंही नाही. काहींचं म्हणणं असं की हे देणं आहेच, फक्त मोजायला फार महाग आणि फार अनिश्चित म्हणून सोडून द्यायचं. इतरांचं म्हणणं असं की विक्री होईपर्यंत देणं जन्मालाच येत नाही, कारण दुकानदाराला ते टाळता येतं. विक्री नाही तर भाडं नाही.

मला दुसरं म्हणणं जास्त पटतं. देणं म्हणजे जे टाळता येत नाही ते. एखादी गोष्ट घडण्याची शक्यता दाट असली म्हणून ती आजच देणं ठरत नाही. पुढच्या वर्षी कंपनी कापड विकत घेणार हे तर विक्रीइतकंच निश्चित आहे. म्हणून कापडाचे पैसे आज कोणी देणं म्हणून लिहीत नाही. विक्रीवरच्या भाड्याला हीच कसोटी लावली आहे. ‘किती शक्य आहे’ हा प्रश्न बाजूला ठेवून ‘टाळता येईल का’ हा एकच प्रश्न विचारायचा. या एका प्रश्नाने जवळजवळ सगळी कलमं सुटतात.

महागाईशी बांधलेलं भाडं हे त्याचं चांगलं उदाहरण. तेही बदलतं, त्याचा आकडाही आज ठाऊक नसतो, पण ते देण्यात येतं. कारण दुकानदाराने काहीही केलं, दुकान उघडं ठेवलं किंवा बंद ठेवलं, तरी ते भाडं चुकत नाही. अनिश्चितता आहे ती फक्त रकमेची. समजा पहिल्या दुकानाचं ३६ लाखांचं किमान भाडं दरवर्षी ग्राहक किंमत निर्देशांकाप्रमाणे वाढणार आहे. मग सुरुवातीला पाचही वर्षांसाठी ३६ लाखच धरायचे. पुढे महागाई चार टक्के राहील की सहा, याचा अंदाज बांधायचा नाही. आजचा निर्देशांक तोच पुढेही राहील असं मानून चालायचं. वर्षभराने निर्देशांक ५ टक्क्यांनी चढला आणि भाडं ३७ लाख ८० हजार झालं, की उरलेल्या चार वर्षांचं गणित त्याच जुन्या १० टक्के दराने पुन्हा मांडायचं. शिल्लक देणं १ कोटी १४ लाख १२ हजारांवरून १ कोटी १९ लाख ८२ हजारांवर जातं. वाढलेले सुमारे ५ लाख ७० हजार मालमत्तेतही वाढवायचे आणि पुढच्या चार वर्षांच्या घसाऱ्यातून पचवायचे.

पुण्या-मुंबईतले कितीतरी लेखापाल अमेरिकी कंपन्यांची पुस्तकं लिहितात, त्यांना इथे सावध राहावं लागतं. अमेरिकी मानकातही सुरुवात अशीच होते, पण नुसता निर्देशांक हलला म्हणून तिथे देणं पुन्हा मोजत नाहीत. वाढलेलं भाडं त्या-त्या काळाचा खर्च होतो. एकच करार दोन पुस्तकांत दोन प्रकारे दिसतो तो यामुळे.

आपल्याकडे मात्र निर्देशांकापेक्षा ‘दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ’ हे कलम जास्त भेटतं. त्यात बदलतं असं काहीच नाही. वाढ आजच ठरलेली आहे, म्हणून ती पहिल्या दिवसापासून देण्यात येते. तीन वर्षं ३६ लाख आणि पुढची दोन वर्षं ४१ लाख ४० हजार धरले, तर सुरुवातीचं देणं १ कोटी ४३ लाख ५१ हजार होतं. ‘महागाईप्रमाणे वाढ, पण किमान ३ टक्के’ असं मिश्र कलम असेल, तर किमान ३ टक्के हा भागही ठरलेलाच. तो सोडून देणं ही नेहमीची चूक आहे आणि ती पकडायला करार शेवटपर्यंत वाचावा लागतो.

आता ज्यावर खरी वादावादी होते त्या जागेकडे येतो. एखादं भाडं कागदावर विक्रीवर अवलंबून दिसतं, पण खरं पाहता ठरलेलंच असतं. मानक म्हणतं की अशा वेळी कागदावरचं रूप सोडा आणि आतलं वास्तव बघा. ‘वर्षाची विक्री एक लाखाच्या वर गेली तर ३६ लाख भाडं, नाहीतर काही नाही’ असा करार कोणी केला, तर तो विक्रीशी जोडलेला आहे असं म्हणता येणार नाही. चालत्या दुकानाची वर्षाची विक्री एक लाखाच्या खाली जाणं ही खरी शक्यताच नव्हे. ते ३६ लाख ठरलेलं भाडं समजून पूर्णपणे देण्यात घ्यायचे. इतकं उघडउघड कलम कोणी लिहीत नाही, पण त्याची सौम्य रूपं भेटतात. उंबरठा इतका खाली ठेवलेला असतो की तो ओलांडला जाणारच. अशा वेळी दुकानाचे आणि त्या परिसरातल्या तशाच दुकानांचे मागचे आकडे काढून पाहायचे. कधी कोणी त्या उंबरठ्याखाली गेलं आहे का? अगदी वाईट वर्षीही?

दुसरं रूप जास्त बारीक आहे आणि माझ्या मते तेच सर्वाधिक निसटतं. काही मॉल करारात असं लिहितात की पहिल्या वर्षी विक्रीच्या हिश्शाने जितकं भाडं येईल, तेच पुढच्या सगळ्या वर्षांचं किमान भाडं होईल. सुरुवातीला हे खरोखरच अनिश्चित असतं, म्हणून पहिल्या दिवशी फक्त ठरलेले ३६ लाखच धरतात, आणि ते बरोबर आहे. पण वर्ष संपलं, विक्री ३ कोटी ४० लाख निघाली, भाडं ४० लाख ८० हजार ठरलं, की अनिश्चितता संपली. आता पुढची चार वर्षं ४० लाख ८० हजार टळत नाहीत. त्या दिवशी देणं पुन्हा मोजलं पाहिजे: १ कोटी १४ लाख १२ हजारांऐवजी १ कोटी २९ लाख ३३ हजार. पंधरा लाखांहून अधिक देणं नुसत्या विक्रीच्या आकड्याने तयार झालं, कोणतीही नवी सही न होता. हिशेब विभागात करार एकदा वाचून त्याची रक्कम संगणकात भरली जाते आणि मग पाच वर्षं ती आपोआप चालत राहते. हे कलम तिथे नोंदलेलं नसेल तर वर्षाअखेर कोणाला आठवणही होत नाही. ऑडिटरने ते शोधायचं तर एक सोपी खूण आहे: एखाद्या दुकानाचं प्रत्यक्ष दिलेलं किमान भाडं आणि संगणकातलं किमान भाडं दुसऱ्या वर्षी जुळेनासं होतं.

वापरावरच्या भाड्याचं तर्कशास्त्र हेच, फक्त मोजमाप वेगळं. बांधकामाच्या धंद्यात पोकलेन मशीन तासाच्या दराने घेतात आणि करारात महिन्याचे किमान तास ठरवलेले असतात. एका मोठ्या बांधकाम कंपनीने एक ठरावीक मशीन तीन वर्षांसाठी घेतलं, तासाला १,५०० रुपये, महिन्याला किमान २०० तास, असं धरू. दरातले ३०० रुपये ऑपरेटरच्या मेहनतीचे असतील तर तो सेवेचा भाग आधी वेगळा काढतात. उरले मशीनचे १,२००. मशीन चिखलात नुसतं उभं राहिलं तरी २०० तासांचे, म्हणजे महिन्याला २ लाख ४० हजार द्यावेच लागतात, म्हणून तीन वर्षांच्या तेवढ्या भाड्याचं आजचं मूल्य देण्यात येतं. मशीन प्रत्यक्षात दर महिन्याला २६० तास चालत असलं आणि पुढेही तसंच चालणार हे साइटवरच्या प्रत्येकाला ठाऊक असलं, तरी वरच्या ६० तासांचे ७२ हजार देण्यात धरायचे नाहीत. ते त्या महिन्याचा खर्च. आणि किमान तासांचं कलमच नसेल, तर देणं शून्य. सेवेबाबत गाळ्याचंही असंच आहे. मॉलच्या देखभालीचा, झाडलोटीचा, सुरक्षेचा आकार सहसा भाड्याबरोबर एकाच बिलात येतो, पण ती सेवा आहे. कंपनीने ती वेगळी न काढण्याची सवलत घेतली, तर ठरावीक आकार देण्यात येतो आणि प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे येणारा आकार बाहेर राहतो.

विक्रीचा हिश्शा मोजायचा केव्हा, महिन्याला की वर्षाला, हा प्रश्न किरकोळ वाटतो, पण त्यात खरे पैसे अडकलेले असतात. आपल्या पहिल्या दुकानाची ३ कोटी ४० लाखांची विक्री वर्षभर सारखी झालेली नाही. दसरा-दिवाळीच्या दोन महिन्यांत प्रत्येकी ६० लाख आणि उरलेल्या दहा महिन्यांत प्रत्येकी २२ लाख असं धरू. हिशेब वर्षाअखेर असेल तर १२ टक्क्यांनी ४० लाख ८० हजार. पण ‘जे जास्त असेल ते’ ही तुलना दर महिन्याला करायची असेल, तर सणाच्या दोन महिन्यांचे १२ टक्क्यांनी १४ लाख ४० हजार होतात. बाकीच्या दहा महिन्यांत १२ टक्के म्हणजे २ लाख ६४ हजार, जे तीन लाखांपेक्षा कमी, म्हणून एमजीचे तीस लाख. एकूण ४४ लाख ४० हजार. तेच दुकान, तीच विक्री, तोच टक्का, आणि एका शब्दाने ३ लाख ६० हजार जास्त. ताळेबंदातलं देणं मात्र दोन्ही करारांत १ कोटी ३६ लाखच राहतं, कारण टाळता न येणारा भाग दोन्हींत ३६ लाखच आहे. देण्याचा आकडा सारखा दिसला म्हणून करार सारखे समजू नयेत.

याच सणासुदीमुळे तिमाही निकालांत पेच पडतो. हिशेब वर्षाअखेर आहे. एप्रिल ते सप्टेंबर या सहा महिन्यांत विक्री १ कोटी ३२ लाखच झाली आहे, तीन कोटींची रेषा अजून दूर आहे. मग वरचं भाडं सप्टेंबरच्या निकालात शून्य धरायचं का? तिमाही निकालांचं इंड एएस ३४ म्हणतं की वर्षाची पातळी गाठली जाईल अशी अपेक्षा असेल आणि म्हणून ते भाडं टाळण्याचा वास्तव मार्ग कंपनीकडे नसेल, तर पातळी गाठण्याआधीही देणं उभं राहू शकतं. म्हणजे अपेक्षित ४ लाख ८० हजारांतला विक्रीच्या प्रमाणातला वाटा सप्टेंबरमध्येच खर्च म्हणून दाखवता येतो. पहिल्या सहामाहीत नफा फुगलेला आणि दिवाळीच्या तिमाहीत एकदम दबलेला दिसू नये, याची ही सोय आहे.

कंपनीचे निकाल वाचणाऱ्याला या सगळ्याचा फटका सर्वात आधी बसतो तो नफ्याच्या आकड्यात. व्याज, कर आणि घसारा यांच्या आधीचा नफा पाहून दुकानांच्या कंपन्यांची तुलना करण्याची बाजारात सवय आहे. पहिल्या दुकानाचे ३६ लाख आता व्याज आणि घसारा झाले, म्हणून या नफ्यातून वजा होतात फक्त ४ लाख ८० हजार. दुसऱ्या दुकानाचे मात्र पूर्ण ४० लाख ८० हजार वजा होतात. सारखं भाडं देऊनही पहिलं दुकान ३६ लाखांनी जास्त कमावतं असं भासतं. करापूर्वीच्या नफ्यात चित्र उलटं होतं: पहिल्या वर्षी पहिल्या दुकानाचा घसारा, व्याज आणि वरचं भाडं मिळून ४५ लाख ७४ हजार, दुसऱ्याचे ४० लाख ८० हजार. व्याज सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी होत जातं. पाचव्या वर्षी घसारा आणि व्याज मिळून साडेतीस लाखांच्या आसपास येतात. रोख प्रवाहाच्या पत्रकातही दोघं वेगळ्या खणांत बसतात. ठरलेलं भाडं कर्जफेडीसारखं वित्तपुरवठ्याच्या खणात, विक्रीवरचं भाडं रोजच्या कामकाजाच्या खणात. म्हणूनच पीव्हीआर आयनॉक्ससारखी सिनेमागृहांची कंपनी आपल्या निकालांबरोबर या मानकाचा परिणाम वगळूनही आकडे देते, आणि मला ते वाचकाच्या उपयोगाचं वाटतं.

कोविडने हा फरक फार कठोरपणे दाखवला. मार्च २०२० मध्ये मॉल बंद झाले. ज्यांच्या करारात विक्रीचा हिश्शा तेवढा होता, त्यांचं भाडं विक्रीबरोबर आपोआप थांबलं. ज्यांनी एमजी दिली होती त्यांना मालकाशी बोलणी करावी लागली. अनेक ठिकाणी काही काळ एमजी सोडून नुसता विक्रीचा हिश्शा घेण्यावर तडजोड झाली. मूळ नियमाप्रमाणे अशी प्रत्येक तडजोड म्हणजे करारातला बदल, म्हणजे नवा व्याजदर शोधून देणं पुन्हा मोजायचं. शेकडो दुकानांसाठी हे करणं त्या दिवसांत अशक्य होतं. म्हणून मे २०२० मध्ये मंडळाने एक सवलत दिली आणि जुलैमध्ये आपल्या कंपनी व्यवहार मंत्रालयानेही ती आणली: माफ झालेलं भाडं करारबदल न मानता थेट नफातोटा पत्रकात जमा दाखवता येईल. सुरुवातीला ती जून २०२१ पर्यंत देय असलेल्या भाड्यापुरती होती, नंतर जून २०२२ पर्यंत वाढवली.

ही सवलत संपली आहे. आता दुकानदाराने मधेच एमजी सोडवून नुसत्या विक्रीच्या हिश्शावर करार बदलून घेतला, तर तो रीतसर करारबदल ठरतो, आणि उरलेल्या मुदतीचं देणं ताळेबंदातून उतरतं. कंपनी अडचणीत आल्यावर असे बदल वाढतात, म्हणून एका वर्षात भाड्याचं देणं अचानक घटलेलं दिसलं तर दुकानं बंद झाली की करार पालटले, हे पाहावं लागतं. उत्तर वार्षिक अहवालातल्या टिपांमध्ये सापडतं. देण्यात न धरलेल्या बदलत्या भाड्याचा वर्षाचा खर्च तिथे वेगळा आकडा म्हणून द्यावाच लागतो. ते भाडं कंपनीसाठी मोठं असेल, तर ते कशावर बदलतं आणि विक्री वाढली तर ते किती वाढेल, हेही वाचकाला समजेल असं सांगण्याची अपेक्षा आहे. किती दुकानं निव्वळ ठरलेल्या भाड्यावर, किती नुसत्या विक्रीच्या हिश्शावर आणि किती एमजीसह, असा तक्ता एखादी कंपनी देत असेल तर दोन गाळ्यांमधला फरक त्यावरून थेट वाचता येतो. तसा तक्ता नसेल, तर बदलत्या भाड्याच्या खर्चाला एकूण भाड्याच्या रकमेने भागून पाहावं, आणि तेच मागच्या तीन वर्षांसाठी करावं. विक्री घसरली तर कंपनीचं किती भाडं आपोआप कमी होईल आणि किती तसंच अंगावर राहील, याचा अंदाज त्या भागाकारातून येतो.